९५ टक्के नक्की कशाचे?
"९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे खरी किंमत त्यात असण्याची शक्यता ९५ टक्के, एवढं सरळ आहे ना?"

नाही. टक्केवारी इंटरव्हल काढण्याच्या पद्धतीची आहे, हातात आलेल्या एका इंटरव्हलची नाही: तीच पद्धत पुन्हा पुन्हा वापरली, तर शंभरातले सुमारे ९५ इंटरव्हल खरी किंमत पकडतात. ही पद्धत मांडणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ नेमननं १९३७ मध्ये हेच स्पष्ट मांडलं होतं.

एक उदाहरण घ्या. वजनकाट्याची चूक उणे ५ ते अधिक ५ ग्रॅममध्ये कुठेही, सारख्याच शक्यतेनं पडते. एक वस्तू दोनदा मोजायची आणि लहान वाचनापासून मोठ्यापर्यंतचा इंटरव्हल घ्यायचा. खरं वजन एका वाचनाच्या खाली आणि दुसऱ्याच्या वर असण्याची शक्यता निम्मी, म्हणून हा चोख ५० टक्क्यांचा इंटरव्हल.

आता वाचनं ४९८ आणि ५०४ आली. खरं वजन ४९८ पेक्षा कमी असतं, तर ५०४ हे वाचन येणंच शक्य नव्हतं. ५०४ पेक्षा जास्त असतं तर ४९८ आलं नसतं. म्हणजे ते नक्की आत आहे. वाचनं ५०० आणि ५०१ आली तर? एवढ्या जवळच्या जोड्यांपैकी जेमतेम ११ टक्क्यांतच खरं वजन आत सापडतं. लेबल मात्र दोन्हीकडे ५० टक्केच!

नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वितरणाची सरासरी काढताना, आधीची काहीच माहिती नाही असं धरलं, तर पद्धतीची टक्केवारी आणि हातातल्या इंटरव्हलमध्ये खरी किंमत असण्याची शक्यता हे दोन्ही आकडे जुळतात. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं खपून जाते.