पैठणी घेताय? आधी पदर उलटून बघा (आणि मला सल्ला हवा आहे)

सायली_ठाणे

लग्नसराई तोंडावर आली आहे, म्हणून आधी सगळ्यांना सावध करते आणि मग माझा प्रश्न विचारते. माझ्या मावशीने मुलीच्या लग्नासाठी एका प्रदर्शनातून १४,००० रुपयांना 'हातमागाची येवला पैठणी' घेतली. अंजिरी रंग, मोरांचा पदर, वर सिल्क मार्कचं लेबल. विक्रेत्याने ते लेबल पुढे करूनच खात्री दिली होती. घरी आणून पदर उलटला तर मागे बारीक जाळीचं कापड चिकटवलेलं. विचारलं तर म्हणे, नक्षी अडकू नये म्हणून लावतात, चांगल्या साडीला असतेच.

असल्या साड्या सध्या फार विकल्या जाताहेत. लेबल बघून निर्धास्त होऊ नका. आता माझा प्रश्न: ही साडी खोटी आहे का, आणि बहिणीसाठी खरी घ्यायची तर नेमकं काय तपासायचं?

अनघाताई

सायली, सोपं आहे. साडी अंगठीतून ओवून बघायची. अख्खी आरपार गेली तर खरी. नाहीतर एक धागा जाळायचा, केस जळल्यासारखा वास आला की पैठणी अस्सल. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या असंच बघतात.

येवलेकर

अनघाताई, धागा जाळण्याचं बरोबर आहे, पण त्यातून फक्त रेशीम कळतं, पैठणी नाही. अंगठीचं मात्र सोडून द्या. जरीचा भरगच्च पदर अंगठीतून जाणार नाही आणि पातळ पॉलिएस्टर सहज जाईल.

माझं सासर विणकरांचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सायली, तुमच्या मावशींच्या साडीवरचं लेबल खरं असूनही साडी हातमागाची नसेल. सिल्क मार्क ही केंद्रीय रेशीम मंडळाची योजना. ते लेबल सांगतं की सूत शुद्ध रेशमाचं आहे. ते हातमागावर विणलं की यंत्रमागावर, याच्याशी त्याचा संबंध नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो, तो वस्त्रोद्योग समिती देते. विक्रेते पहिलं दाखवून दुसऱ्याचे पैसे घेतात.

आता पदर. खऱ्या पैठणीत मोराचा निळा, चोचीचा लाल, पानाचा हिरवा अशा प्रत्येक रंगाची छोटी कांडी वेगळी असते. विणकर तो रंग नक्षीच्या कडेपर्यंत नेतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि तिथूनच परत फिरवतो. त्यामुळे पदराच्या मागेही तोच मोर, तितकाच स्वच्छ दिसतो. फार तर धागा जोडल्याची बारीकशी गाठ लागेल. यंत्रमागावर रंगाचा धागा एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत मागून धावतो. मग ते मोकळे धागे कातरतात, आणि कातरलेली टोकं झाकायला जाळी लावतात. जाळीचा एक कोपरा अलगद उचलून बघा. खाली दाढीच्या खुंटांसारखी टोकं दिसली की समजा.

आणखी एक खूण म्हणजे शेजारचे दोन मोर नीट बघा. हाताने विणलेल्यांत मान, पिसारा यात थोडा फरक पडतोच आणि नक्षीची कड किंचित पायऱ्यापायऱ्यांची येते. यंत्राचे मोर एका छापाचे असतात.

प्राची_डॅलस

आजीची पैठणी माझ्याकडे आहे, तिचे काठ काळे पडलेत. इथल्या एका मैत्रिणीने सांगितलं की काळी पडते ती जर खोटी. मग आजीची पण नकली होती का? वाईट वाटतंय.

येवलेकर

अजिबात वाईट वाटून घेऊ नका. जुनी जर चांदीच्या तारेची, वर सोन्याचा मुलामा, आणि चांदी हवेने काळवंडते. नकली जरीतलं तांबंही काळं पडतं, त्यामुळे नुसत्या रंगावरून सोक्षमोक्ष लागत नाही, पण काळी म्हणजे नकली हे साफ चूक. टूथपेस्टने घासू नका. मऊ सुती कापडात गुंडाळा आणि मधूनमधून घड्या बदला. आजकालच्या बहुतेक पैठण्यांत टेस्टेड जर असते, म्हणजे चांदीची नाही. हातमागाच्या साडीतही ती चालते, फक्त विक्रेत्याने तसं सांगायला हवं.

रोहित_कोथरूड

बायकोच्या वाढदिवसाला पैठणी घ्यायची आहे, तीन हजारांपर्यंत. पुण्यात कुठे मिळेल?

सायली_ठाणे

रोहितदादा, त्या किमतीत सेमी पैठणी मिळेल, हातमागाची नाही. सेमी छान दिसते, नेसायलाही हलकी. दुकानदार तिला सेमी म्हणतोय ना, एवढं बघा.

येवलेकर, जाळी उचलली. खाली कातरलेली टोकं आहेत, तुम्ही म्हणालात तशीच. दोन्ही मोर हुबेहूब सारखे. आता रेशीम तरी खरं आहे का, ते कसं बघू?

येवलेकर

ब्लाउजपीसच्या कापलेल्या टोकाकडून दोन धागे ओढा, एक उभा आणि एक आडवा. पुष्कळजण एकच ओढतात आणि तिथेच फसतात, कारण उभा रेशमाचा आणि आडवा कृत्रिम असं मिश्रण असतं. चिमट्यात धरून एकेक जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. कागद जळल्यासारखा वास आला तर व्हिस्कोस असू शकतं. जरीचा धागा घेऊ नका, त्यावरून चुकीचा अंदाज होतो.

मीनल_संभाजीनगर

मला इथे थोडं वेगळं म्हणायचं आहे. मागे धागे दिसले की खोटी, असा सरसकट नियम लावू नका. हल्ली हातमागालाच जॅकार्ड जोडून अंगभर बुट्टे काढतात, ब्रोकेड पैठणी म्हणतात ती. तिच्या अंगातल्या बुट्ट्यांमागे धागे असतात, पण साडी हातमागावरचीच असते. म्हणून निकाल पदरावरून लावा, अंगावरच्या बुट्ट्यांवरून नको.

येवलेकर

मीनल, मुद्दा खरा आहे. पण तिला पैठणी म्हणावं का, यावर आमच्या घरातच दोन तट आहेत. सासरे म्हणतात, पदर हाताने विणला ना, मग पैठणीच. मला वाटतं जॅकार्डचा उल्लेख बिलावर असावा, कारण मेहनत आणि किंमत दोन्ही बदलतात.

मीनल_संभाजीनगर

माझी जाऊ सासऱ्यांच्या बाजूने बोलेल! असो. सायली, बहिणीसाठी जमलं तर पैठणला किंवा येवल्याला जाऊन मागावरची साडी बघा. पैठणला लघुउद्योग विकास महामंडळाचं केंद्र आहे, तिथे विणतानाच बघता येतं. एकदा माग बघितला की दुकानात डोळा आपोआप तयार होतो.

येवलेकर

आणि ऑनलाइन घ्यायची तर फोटोवर जाऊ नका. एकाच सलग व्हिडिओत पदराची पुढची बाजू, मग मागची, आणि लेबलवरचा क्रमांक दाखवायला सांगा. मध्ये काटछाट दिसली की नाही म्हणा. पैसे देण्याआधी बिलावर 'हातमाग, शुद्ध रेशीम' असं लिहून देणार का, ते विचारा. जो लिहून द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

सायली_ठाणे

दोन्ही धागे जाळले. दोन्ही रेशमाचे, राख चुरडली गेली. म्हणजे शुद्ध रेशमाची, पण यंत्रमागाची साडी हातमागाच्या भावात विकली. मावशीच्या बिलावर नुसतं 'पैठणी' लिहिलंय. विक्रेता म्हणतो, सिल्क मार्क खरा आहे, मग तक्रार कसली?

मीनल_संभाजीनगर

बिल मोघम आहे म्हणून जरा कठीण जाईल, पण सोडू नका. प्रदर्शनाची जाहिरात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज जपून ठेवलाय का, ज्यात 'हातमाग' म्हटलंय? असेल तर स्क्रीनशॉट काढा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि ती जाळी आता आणखी उचलू नका, आहे तशी राहू द्या.

सायली_ठाणे

मावशीकडे साडीच्या फोटोखाली 'अस्सल हातमाग' लिहिलेला मेसेज सापडला. आज संध्याकाळीच फोन लावते.