आठवीच्या वर्गात पाकिटं वाचायला लावावीत का?

विज्ञानाच्या बाई: मुलांनी घरून रिकामी पाकिटं आणायची, मागचा पोषणतक्ता वाचून चांगलं-वाईट ठरवायचं, असा तास घेणार आहे. एका पालकांचा विरोध आहे. काय करू?

फरसाण कारखान्यातला: घ्या, पण चांगलं-वाईट ठरवायला लावू नका. मुलं 'प्रति सर्व्ह'चा टक्का वाचतात आणि तिथेच फसतात, कारण एक सर्व्ह म्हणजे किती हे कंपनी ठरवते. समजा शेवेचं पाकीट १५० ग्रॅमचं, सर्व्ह ३० ग्रॅमचा आणि १०० ग्रॅमला सोडियम ८०० मिलिग्रॅम. सर्व्हला २४० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या २००० च्या १२ टक्के. वाटतं, काहीच नाही! आता काट्यावर ३० ग्रॅम शेव मोजून बशीत ओता आणि विचारा, मॅच बघताना एवढीच खाता का? अख्खं पाकीट संपवलं तर १२०० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम मीठ. तेही वाटीत काढून ठेवा. ते टक्के मोठ्या माणसाच्या गरजेवर काढलेले असतात, एवढं मात्र सांगा.

कोल्हापूरकर: एवढा हिशोब कशाला? घटकांच्या यादीत पहिलं काय आहे ते बघायचं. वजनाने जास्त ते आधी लिहितात. साखर खाली असली की झालं.

फरसाण कारखान्यातला: क्रमाचं बरोबर आहे. पण साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप असं तीन नावांनी वाटून टाकलं की प्रत्येक नाव खाली सरकतं. मुलांना ती नावं अधोरेखित करायला सांगा, मग तक्त्यातली 'अ‍ॅडेड शुगर'ची ओळ बघू द्या.

दोन मुलींची आई: माझा विरोधच आहे. माझी थोरली चौदाव्या वर्षी पाकिटं वाचता वाचता जेवणच टाळायला लागली. बाहेर यायला फार वेळ लागला.

विज्ञानाच्या बाई: एनर्जीची ओळ पट्टीने झाकली तर? फक्त मीठ आणि साखर बघायची.

दोन मुलींची आई: झाकलेलंच आधी बघतात हो मुलं. शेवेच्या तासाला हरकत नाही, पण कोण घरी काय खातं हे वर्गात निघता कामा नये. पाकिटं तुम्हीच आणा.

सांगलीचा दादा: बाबांना डायबेटिस आहे. 'शुगर फ्री' बिस्किटं चालतील ना?

फरसाण कारखान्यातला: दादा, त्यात मैदा किंवा दुसरं पीठ असतंच. एकूण कार्बोहायड्रेटची ओळ बघा आणि किती खायची ते डॉक्टरांना विचारा.

कोल्हापूरकर: आमच्या शाळेबाहेर पोरं वडापाव खातात. त्याच्या कागदावर कुठला तक्ता?

विज्ञानाच्या बाई: खरंय. आणि माझी मुलं मराठी माध्यमाची, तक्ता इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. मोठी प्रत काढून मराठी नावं शेजारी लिहावी लागतील. पाकिटं मीच आणते; एनर्जीच्या ओळीचं अजून ठरत नाही.