मदत हवी आहे: तांब्याची कळशी खरंच हाताने ठोकलेली आहे का, कसं ओळखायचं?

अनया_सातारा: आईला पिण्याचं पाणी भरून ठेवायला कळशी हवी आहे. प्रदर्शनात एक पाहिली. विक्रेता म्हणतो, "शंभर टक्के हाताचं मठारकाम." बाहेर ठोक्यांच्या ओळी अगदी एकसारख्या, आणि आत हात घातला की प्रत्येक ठोक्याचा उंचवटा बोटांना लागतो. चकाकी आरशासारखी. घ्यावी, की सरळ पुण्याची तांबट आळी गाठावी?

बंड्या७: लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर अस्सल. विषय संपला.

कसबेकर: बंड्या, त्याने लोखंडावरचा मुलामा तेवढा पकडला जातो. ॲल्युमिनियमला कुठे चुंबक चिकटतो? आणि तांबं खरं निघालं तरी काम हाताचं आहे हे कसं कळणार?

अनया, आतले उंचवटेच सांगतात. तांबट भांडं गुळगुळीत लोखंडी टेकूवर चढवून बाहेरून ठोकतो. आतली बाजू त्या लोखंडावर दाबली जाते, त्यामुळे आत फार तर हलकी लाट लागते. पातळ पत्रा साच्यात छापला की बाहेरचा प्रत्येक खड्डा आत टेंगूळ होऊन येतो. शिवाय हाताचे ठोके एकमेकांवर थोडे चढतात, गळ्याच्या वळणावर दाटतात आणि ओळ फिरून जिथे मिळते तिथे थोडी चुकतेच. अशी चुकलेली जागा शोधा.

चकाकी बहुतेक लॅकरची. बुडाला चिंचेचा कोळ लावून बघा (विचारून!). उघडं तांबं लगेच गुलाबीसर होतं, लॅकरवरून कोळ नुसता ओघळतो.

डोंबिवलीची_मावशी: माझ्या पितळी पातेल्याची कल्हई गेली आहे. आमच्याकडे कल्हईवाला येईनासा झाला. कुणाला माहीत आहे का?

कसबेकर: मावशी, वेगळा धागा काढा, लोक सांगतील. तोवर त्यात आमटी नको.

अनया_सातारा: मग ती कळशी बाद. तांबट आळीत सगळं हाताचंच मिळेल ना?

कसबेकर: पत्रा तिथेही गिरणीचाच. घाटसुद्धा पुष्कळदा प्रेसवर किंवा लेथवर काढलेला असतो, मठार मात्र हाताचा. याला मी नकली म्हणणार नाही. ठोक्यांनी पत्रा कडक होतो, सहज पोचे येत नाहीत. फक्त दुकानात सरळ विचारा, "घाट कशावर काढलाय?" पूर्ण हाताच्या जुन्या कळशीच्या पोटावर सांध्याची पिवळसर रेघ दिसते, काहींत करवतीच्या दात्यांसारखी.

मोरपंखी: नगावर भाव सांगितला की मी उठते. वजन आणि वर घडणावळ, असाच हिशोब हवा.

कसबेकर: शोभेच्या वस्तू चांगले कारागीरही नगावर देतात हो.

मोरपंखी: कळशी शोभेची आहे का?

अनया_सातारा: पूर्ण हाताची कळशी सांगून करून घेतलीय का कुणी? घडणावळ साधारण किती पडते?