मदत हवी आहे: कथेतल्या दोघी बहिणी आणि डंबेल्सची एकच जोडी

एक छोटी कथा लिहितोय, गाव यवतमाळकडचं. पावसाळ्याचे दिवस, काळ्या मातीचं मैदान म्हणजे निव्वळ चिखल. ताई पोलीस भरतीची तयारी करते, धाकटी बारावीत, कबड्डी खेळते. घरात ५-५ किलोच्या डंबेल्सची एकच जोडी. रोज आधी कोण यावरून वाद, मग ताईच म्हणते, "एक तुह्यापाशी, एक माह्यापाशी." धाकटी डंबेल छातीशी धरून बैठका मारते, तोवर ताई खाटेवर एक हात टेकवून दुसऱ्या हातानं डंबेल कमरेकडे ओढते. मग अदलाबदल. इथवर जमलं.

अडलंय पुढे. सप्टेंबरात ताईला ५ किलो हलकं पडतं, २० वेळा सहज उचलते. जड वजन सोयाबीन निघाल्यावरच येणार. म्हणून ती डंबेल खाली आणताना चार आकडे मोजत सावकाश आणते. त्यानं दंडाला ताण मिळेल, पण भरतीतला ४ किलोचा गोळा लांब जाईल का? तो तर झटक्याचा खेळ! आणि धाकटीलाही आता बैठकांना दोन्ही डंबेल्स हवेत. खरं भांडण तिथं पेटवू का? भरतीची तयारी केलेल्या मुलींनी सांगावं, पावसात गोळ्याचा सराव घरी कसा करता?