शब्दचर्चा : 'टार्गेटेड थेरपी'ला 'लक्ष्यवेधी किमो' म्हणावं का?

भाषांतरवाली
कॅन्सरच्या रुग्णांसाठी असलेल्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. कॅन्सरच्या सगळ्याच औषधांना आपल्याकडे सरसकट किमो म्हणतात, म्हणून टार्गेटेड थेरपीला 'लक्ष्यवेधी किमो' केलं. इम्यून चेकपॉइंट इनहिबिटरला 'प्रतिकार-रोधक'. चालेल का?

अण्णा_नाशिक
'लक्ष्यवेधी' झकास! बाण फक्त कॅन्सरच्या पेशीला लागतो, त्यामुळे साइड इफेक्ट नाहीत. जुन्या किमोत सुक्याबरोबर ओलंही जळतं. फक्त इनहिबिटरला 'निरोधक' करू नका, लोक हसतील.

वॉर्डातला
अण्णा, पहिलं अर्धं बरोबर. जुनी किमो झपाट्याने वाढणाऱ्या कुठल्याही पेशीला मारते, म्हणून केस, तोंडाची आतली त्वचा आणि रक्त तयार करणारा अस्थिमज्जा यांनाही झळ बसते. पण इमॅटिनिब या टार्गेटेड गोळीचं उदाहरण घ्या. ते बीसीआर-एबीएल नावाच्या टायरोसिन कायनेजला अडवतं. या कायनेजकडून पेशीला 'वाढत राहा' असा निरोप अखंड जात असतो. तो निरोप थांबला की पेशी मागे हटतात. मात्र हेच औषध किट नावाच्या दुसऱ्या कायनेजलाही अडवतं. पोटातल्या जिस्ट या गाठीवर ते चालतं ते त्यामुळेच. डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे, मळमळ हे त्रासही होतात. तेव्हा 'साइड इफेक्ट नाहीत' हे पुस्तिकेत येऊ देऊ नका.

धाकटी_सून
विषय थोडा वेगळा आहे, पण विचारते. सासऱ्यांना सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर आहे, इमॅटिनिब 400 रोज जेवणानंतर. घरात आम्ही तिला 'गोळीची किमो' म्हणतो. आता पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्यात, तर ते म्हणतात, शेजाऱ्यांच्या किमोची सहा सायकलं झाली आणि संपली, माझीही संपली असणार. कधी बंद करायची असते?

वॉर्डातला
विषय वेगळा नाही, इथलाच आहे. 'किमो' म्हटलं की सायकल आणि शेवट हे डोक्यात येतंच. पांढऱ्या पेशी काही आठवड्यांत नॉर्मल होतात, पण रोग शिल्लक असतो. तो कळतो रक्ताच्या बीसीआर-एबीएल पीसीआर तपासणीत, जी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी करतात. तीन महिन्यांना आकडा 10 टक्के किंवा खाली, वर्षाला 1 टक्का किंवा खाली यायला हवा. पुढे 0.1 च्या खाली राहिला तर उत्तम. आकडा परत चढू लागला तर डॉक्टर आधी विचारतात, गोळ्या चुकतायत का? चुकत नसतील तर जनुकातला बदल तपासतात. टी315आय निघाला तर इमॅटिनिब चालत नाही, औषध बदलावं लागतं. बंद करून पाहता येतं, पण कैक वर्षं आकडा अगदी खोल राहिल्यावर आणि सुरुवातीला दर महिन्याला तपासणी करत. तरी जवळपास निम्म्या लोकांत रोग परत डोकं वर काढतो. सासऱ्यांना म्हणावं, पीसीआरचा कागद घेऊन डॉक्टरांशी बोला, तोवर एकही गोळी चुकवू नका.

भाषांतरवाली
म्हणजे 'किमो' काढूनच टाकते. आणि 'प्रतिकार-रोधक'?

वॉर्डातला
तो अर्थ उलटा होतो. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही चेकपॉइंटवाली औषधं प्रतिकारशक्तीला रोखत नाहीत. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशीवर पीडी-1 नावाचा ब्रेक असतो, कॅन्सर तो दाबून ठेवतो. औषध त्या ब्रेकवरचा पाय काढतं. टी-पेशी सुटतात, आणि कधी स्वतःच्याच आतड्यावर, फुप्फुसावर किंवा थायरॉइडवर जातात.

आमच्याकडे एक बाई आल्या होत्या. सलाइनमधून पेम्ब्रोलिझुमॅब चालू. जुलाब सुरू झाले, तर घरच्यांनी जवळच्या दवाखान्यात सांगितलं, 'किमो चालू आहे'. तिथे किमोचे जुलाब समजून थांबवायच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांनी शौचात रक्त. आतड्याला औषधामुळेच सूज आली होती. जंतुसंसर्ग नाही ना हे बघून स्टेरॉइड सुरू केलं, आणि उतरवत उतरवत बंद करायला महिन्याच्या वर गेला. किमोवर ताप आला तर पांढऱ्या पेशी घटल्या असतील या धास्तीने अँटिबायोटिक तासाभरात हवं. इथे धास्ती वेगळी, औषधही वेगळं. आणि हा त्रास शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही उपटू शकतो.

अण्णा_नाशिक
मग चेकपॉइंटवाली औषधं लक्ष्यवेधी नाहीतच की! त्यांचं लक्ष्य कॅन्सरची पेशी नाही.

वॉर्डातला
यावर आमच्यातही एकमत नाही. ठरावीक रेणूवर नेम धरतात म्हणून काही पुस्तकं टार्गेटेडमध्ये घालतात, काही इम्युनोथेरपी वेगळी धरतात. मी वेगळी धरेन, कारण त्रास वेगळा.

भाषांतरवाली
मग 'प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडणारी औषधं' करते. लांबडं आहे, पण उलटं नाही. कार्डावर औषधाचं नाव लिहायला एक ओळही सोडते, दवाखान्यात दाखवायला.

अण्णा_नाशिक
आणि ट्रॅस्टुझुमॅब? ते अँटिबॉडी, कॅन्सरच्या पेशीवरच बसतं, आणि किमोबरोबर देतात. ते कुठल्या खणात?