चौथीच्या तोंडी गणिताला घड्याळ हवं की नको?

चौथीतल्या मुलीची आई: शाळेत तोंडी गणिताची चाचणी झाली. अ, ब, क असे चढत्या काठिण्याचे तीन गट, प्रत्येकी दहा गणितं, एकूण पाच मिनिटं. लेकीने अ पूर्ण केला, ब मधली सहा केली, सगळी बरोबर, क कोरा. घरी मात्र क मधली बरीच सोडवते. लहानांना ही वेळेची सक्ती कशासाठी?

पाढेवाला: सक्ती हवीच. तीसपर्यंत पाढे आणि पावकी-निमकी पाठ असेल तर पाच मिनिटं पुष्कळ झाली. हल्ली पाठांतर म्हटलं की पालकच नाक मुरडतात.

निवृत्त शिक्षिका: पाढे हवेत, पण 83 वजा 47 ला पाढा काय करणार? बोट मोजणारं मूल तिथेच अडकतं. 47 ला 3 मिळवून 50, पुढे 33, म्हणजे 36, ही उडी ज्याला जमते ते पटकन सुटतं. तुमच्या चाचणीत घड्याळ नव्हे, तिन्ही गटांना मिळून एकच घड्याळ हा घोळ आहे. अ मध्ये रेंगाळलेल्या मुलाचा क कोरा राहतो, आणि येत नव्हतं की वेळ पुरला नाही हे तपासणाऱ्याला कळत नाही. मी अ ला एक, ब ला दोन, क ला तीन मिनिटं द्यायचे. घंटा झाली की शिसपेन्सिल खाली, निळी उचलायची आणि राहिलेली सोडवायची. गुण शिसपेन्सिलीचे, निळं फक्त माझ्यासाठी.

लंडनचा बाबा: इंग्लंडमध्ये चौथीच्या वर्गाला पाढ्यांची चाचणी संगणकावर असते. 25 प्रश्न, प्रत्येकाला 6 सेकंद, मग पुढचा आपोआप येतो. त्यामुळे एका गणितापायी पुढची बुडत नाहीत. पण त्यात फक्त 12 पर्यंतचे गुणाकार, काठिण्याचे गट नाहीत.

अबॅकसवाली ताई: माझा मुलगा दुसरीत आहे, अबॅकस लावू का? शेजारचा मुलगा हवेत बोटं नाचवून बेरजा करतो!

पाढेवाला: ताई, धागा वेगळा आहे. बाई, निळ्या पेन्सिलीने मुलं निवांत होतील, घंटेचा धाकच उरणार नाही.

निवृत्त शिक्षिका: काही होतातच. म्हणून गुण घंटेआधीचेच. आणि गणितं वाचून दाखवत असाल तर 'एकोणसत्तर' जपून सांगा. 'सत्तर' ऐकून 79 लिहिणारी मुलं हटकून निघतात. तिथे चूक गणिताची नसते.

चौथीतल्या मुलीची आई: काल घरी निळी पेन्सिल देऊन ब मधली राहिलेली चार करून घेतली. तीन बरोबर. 62 वजा 38 ला मात्र 36 लिहिलं. विचारलं तर म्हणाली, "सहातून तीन गेले तीन, आठातून दोन गेले सहा."

पाढेवाला: म्हणजे दोष घड्याळाचा नव्हताच!

निवृत्त शिक्षिका: त्या एका गणितापुरता. बाकीच्या तिनांचं काय?