सी-लिंकच्या केबल्स धारदार करायच्या तर फूरियर की वेव्हलेट?

खाडीकाठ: वांद्रे किल्ल्यावरून सी-लिंकचा फोटो काढला. हवा धुरकट, त्यामुळे केबल्स पुसट आल्या. फूरियर करून फोटो लहान-मोठ्या लाटांत मोडला आणि एका ठरावीक मर्यादेवरच्याच वारंवारता वाढवल्या, तर प्रत्येक केबलशेजारी आकाशात समांतर फिकट रेघा उमटल्या. मित्र म्हणतो, वेव्हलेट वापर, त्यात बारीक आणि मोठा तपशील वेगळा होतो. वेगळा होतो म्हणजे नक्की काय होतं?

तिसरी_घंटा: मित्राचं ऐका. वेव्हलेटमध्ये कडेला असा फिकट पट्टा, म्हणजे हॅलो, येतच नाही. GIMP मध्ये `Wavelet decompose` चालवा, `Scale 1` थराची प्रत काढा, झालं काम.

पिक्सेलपंत: हॅलो येतो हो, आकडे मांडून बघा. आकाशाचा उजळपणा 200, त्यात एक पिक्सेल रुंद उभी केबल 40. प्रत्येक पिक्सेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन शेजारी 1, 4, 6, 4, 1 अशा वजनांनी मिसळायचे आणि 16 ने भागायचं. मग हेच वर-खालच्या शेजाऱ्यांसोबतही करायचं, पण उभ्या केबलचे आकडे त्याने बदलत नाहीत. केबलच्या जागी 140 येतात, शेजारी 160, त्यापुढे 190. ही झाली पुसट प्रत. मूळ फोटोतून ती वजा केली की उरतात केबलवर −100, शेजारी +40, त्यापुढे +10. हाच सर्वांत बारीक तपशिलाचा थर. पुसट प्रत आणि हा थर परत जोडले की मूळ फोटो जसाच्या तसा मिळतो, काही हरवत नाही.

आता हीच कृती त्या पुसट प्रतीवर करायची, पण शेजारी एकाआड एक घ्यायचे. त्यातून दुसरा थर निघतो. पुढच्या वेळी अंतर पुन्हा दुप्पट. केबल पहिल्या थरांत सापडते, खांबाची जाडी पुढच्या थरांत, आणि धुरक्याचा चढउतार शेवटी उरलेल्या प्रतीत.

पहिला थर दीडपट केला तर केबल −10 होते, म्हणजे शून्यावर कापली जाते. शेजारचं आकाश 220. हा हॅलोच की! फक्त तो दोन पिक्सेलांत संपतो.

तिसरी_घंटा: बरं, छोटा हॅलो. पण फूरियरच्या रेघा लांबवर जातात, त्याचं काय?

पिक्सेलपंत: तो दोष मर्यादा एकदम कापण्याचा. खालच्या वारंवारता जशाच्या तशा आणि वरच्या एकदम वाढलेल्या, अशी पायरी ठेवली की प्रत्येक कडेपासून लाटा पसरतात, दूर जाताना फिकट होत. पायरीऐवजी हळूहळू चढणारा गाऊसियन उतार ठेवा, रेघा जातील. खरं तर नुसता पहिला थर दीडपट करणं फूरियरमध्येही हुबेहूब करता येतं, तिथे तो वारंवारतेनुसार चढणारा एक गुणक असतो.

सुमेधा_ठाणे: मला जुन्या दिवाळी अंकातला छापील फोटो स्कॅन करून स्पष्ट करायचाय. त्यात छपाईचे ठिपकेच जास्त दिसतात. वेव्हलेटने जातील का?

पिक्सेलपंत: ताई, तुमचं काम उलटं आहे. ठिपके ठरावीक अंतराने येतात, म्हणून फूरियरच्या चित्रात ते मोजक्या तेजस्वी टिंबांत गोळा होतात. ती टिंबं कडा मऊ ठेवून पुसा, मधलं टिंब सोडून. वेव्हलेटमध्ये ते चेहऱ्याच्या बारकाव्यांबरोबर एकाच थरात मिसळतात.

खाडीकाठ: मग माझ्या फोटोत वेव्हलेटचा फायदा कुठे? `Scale 1` वाढवला तर आकाश रवाळ झालं.

पिक्सेलपंत: फायदा इथेच. थर वाढवण्याआधी त्यातल्या लहान किमती शून्य करता येतात. तुमच्या आकाशातली खरखर या थरात साधारण ±4 असेल, तर 12 च्या आतलं सगळं काढून टाका. केबलचे −100 आणि +40 राहतात, आकाश शांत होतं. कुठली जागा ठेवायची आणि कुठली सोडायची ही निवड फूरियरच्या एका गुणकाला करता येत नाही, कारण तो सगळ्या फोटोला सारखाच लागतो.

तिसरी_घंटा: आणि वरळीकडच्या केबल्स? धुरक्यात त्या आकाशापेक्षा जेमतेम 16 ने गडद असतील. तुमच्याच हिशोबाने पहिल्या थरात −10. त्या तर 12 च्या आत आल्या, म्हणजे खरखर समजून पुसल्या गेल्या! मी म्हणतो, `Scale 2` वाढवा.

पिक्सेलपंत: मुद्दा मान्य. दुसऱ्या थरात ती केबल साधारण −3 उरते, पण प्रत्येक पिक्सेलची खरखर स्वतंत्र असेल तर ती पहिल्या थराच्या पावाहून कमी होते. म्हणजे पुसट केबल तिथे उलट उठून दिसते. मात्र केबल जाड होईल. शिवाय कॅमेऱ्याच्या जेपीईजीत खरखर डागाडागांची असते, ती दुसऱ्या थरातही उतरते. `Scale 2` एकटा उघडा ठेवून नुसतं आकाश बघा. डाग दिसले तर रॉ फाइलवरूनच सुरुवात करा.

तिसरी_घंटा: जाड झाली तरी दिसते तरी! पुसून टाकण्यापेक्षा मला ती चालेल.

खाडीकाठ: रॉ आहे माझ्याकडे. आकाश रात्री बघतो.